सर्च क्लिअर, सातबारा कोरा, तरीही जमीन दाव्यात: महसूल मंत्री आणि नोंदणी महानिरीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे
प्रत: विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: दावा चालू असलेल्या मिळकतीची माहिती खरेदीदाराला नोंदणीच्या आधी मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही दिवाणी न्यायालयांत वाटपाचे आणि करारपूर्तीचे दावे चालवणारे वकील आहोत. खरेदीदारांना आणि बँकांना जमिनीचे सर्च रिपोर्टही आम्हीच देतो. या दोन्ही कामांच्या मधोमध एक खड्डा आहे. तो बुजवणे आमच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. जमीन किंवा फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे, अशीही इच्छा आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 याचे कलम 52 सांगते की एखाद्या स्थावर मिळकतीवरील हक्काबद्दल न्यायालयात दावा चालू असेल, तर दाव्यातला कोणताही पक्षकार ती मिळकत अशा रीतीने विकू शकत नाही की समोरच्या पक्षकाराला हुकूमनाम्याने मिळणारा हक्क बाधित होईल. वकिलांच्या बोलण्यात याला लिस पेंडन्स म्हणतात. हे कलम विक्रीवर बंदी घालत नाही. खरेदीखत होते, नोंदणी होते, पैसे हातोहात जातात, फेरफारही मंजूर होऊ शकतो. पण खरेदीदाराच्या हातात जे येते ते दाव्याच्या निकालाला बांधलेले असते. विकणारा जिंकला तर खरेदी पक्की. हरला तर खरेदीदारही हरला, मग तो दाव्यात पक्षकार असो वा नसो.

यामागचे कारण 1857 सालच्या बेलामी विरुद्ध सबाइन या इंग्लंडमधील निकालात स्पष्ट मांडलेले आहे आणि आपल्याकडची न्यायालये आजही त्याचाच आधार घेतात. दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीला मिळकत विकून मोकळे होता आले, तर वादीला नव्या मालकाविरुद्ध नवा दावा लावावा लागेल. तो दावा चालू असताना नवा मालकही ती तिसऱ्याला विकेल. अशा वेळी कोणताच दावा शेवटाला जाणार नाही. म्हणून कायदा खरेदीदाराला दाव्याची माहिती होती का, हा प्रश्नच विचारत नाही. मूळ कलम 52 मध्ये प्रामाणिक खरेदीदाराला वेगळी जागा नाही. करारपूर्तीच्या दाव्यांत विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम 19 प्रामाणिक आणि अनभिज्ञ खरेदीदाराला काही संरक्षण देते, पण दावा दाखल झाल्यानंतर घेतलेल्या खरेदीला तो आधारही उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुरुस्वामी नाडर विरुद्ध लक्ष्मी अम्मल या 2008 च्या निकालात सांगितले आहे.

या तत्त्वाला आमचा विरोध नाही. वाटपाचा दावा लावणाऱ्या बहिणीच्या हातात बहुधा हे एकच कलम असते. आमची तक्रार अशी की कायदा ज्या दाव्याने खरेदीदाराला बांधतो, तो दावा त्याला दिसावा अशी व्यवस्था राज्यात जवळपास नाही.

नेमके काय होते ते एका कल्पित पण रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणाने सांगतो.

एका गटात 3 एकर, म्हणजे 120 गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. आईवडील वारले आहेत. दोन भाऊ आणि एक बहीण, तिघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी 40 गुंठे. सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे आहेत, कारण वारस नोंदीच्या वेळी बहिणीचे नाव लावलेच गेले नाही. 10 जून 2019 रोजी बहीण वाटपाचा दावा दाखल करते. 5 ऑगस्टला थोरला भाऊ रस्त्याकडचे 60 गुंठे विकतो. त्याचा समज असा की जमीन दोघा भावांची आणि अर्धी आपली. न्यायालयाचे समन्स त्याच्या हातात पडते सप्टेंबरमध्ये.

खरेदीदाराने हयगय केलेली नाही. त्याने तीस वर्षांचा सर्च घेतला, सातबारा आणि फेरफार पाहिले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. नोटिशीवर हरकत आली नाही, कारण बहीण दुसऱ्या जिल्ह्यात राहते आणि तिने ते वर्तमानपत्र पाहिलेले नाही. विक्रीच्या दिवशी भावालाही दाव्याची खबर नव्हती. तरीही ही खरेदी दाव्यातलीच. 1929 साली कलम 52 मध्ये जे स्पष्टीकरण जोडले गेले, त्यानुसार दाव्याचा काळ वादपत्र सादर झाल्या दिवसापासून मोजायचा. समन्स कधी बजावले गेले याला महत्त्व नाही.

पुढे प्राथमिक हुकूमनामा होतो: तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश. जमीन शेतसाऱ्याची असल्याने प्रत्यक्ष वाटपासाठी हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसील आणि मोजणी. आता 60 गुंठ्यांच्या खरेदीखताचे काय होते? भावाचा हिस्साच 40 गुंठ्यांचा ठरला, तेव्हा 20 गुंठे तर सरळ गेले. उरलेल्या 40 चाही भरवसा नाही. ते भावाच्या वाट्याला नेमके रस्त्याकडेच येतील असे कोणी सांगितले? सर्वोच्च न्यायालयाने टी. जी. अशोक कुमार विरुद्ध गोविंदम्मल या 2010 च्या निकालात तीन शक्यता मांडल्या आहेत. विकणाऱ्याचा हक्क पूर्ण मान्य झाला तर खरेदी पूर्ण टिकते. काही भागापुरता मान्य झाला तर तेवढ्याच भागापुरती टिकते. आणि विकलेला तुकडा सगळाच दुसऱ्या पक्षकाराच्या वाट्याला गेला, तर खरेदीदाराला त्या तुकड्यावर हक्क उरत नाही. विकलेला भाग शक्यतो विकणाऱ्याच्या हिश्शात घालावा, अशी विनंती खरेदीदार करू शकतो. पण ती फक्त विनंती. विहीर आणि रस्ता त्याच बाजूला असेल, तर बहीण आणि धाकटा भाऊ ती का मान्य करतील?

दरम्यान खरेदीदाराने बोअर घेतले आहे आणि गोठा बांधला आहे. वाटपाची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालते आणि ताबा वॉरंट घेऊन बेलीफ येतो. खरेदीदार म्हणतो, मी दाव्यात नव्हतो, माझे म्हणणे कोणी ऐकलेच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 97 खाली अडथळ्याची चौकशी होऊ शकते, पण त्याच आदेशाचा नियम 102 सांगतो की दावा चालू असताना मिळकत घेतलेल्याला त्या संरक्षणाचा उपयोग नाही. 2008 च्या उषा सिन्हा विरुद्ध दीनाराम या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे म्हटले आहे. अंमलबजावणीचे न्यायालय बहुतेक इतकेच पाहते की खरेदी दावा दाखल झाल्यानंतरची आहे का. उत्तर होकारार्थी आले की पुढे बोलण्यासारखे फार उरत नाही.

वेळीच कळले असते तर खरेदीदाराला मार्ग होता. आदेश 1 नियम 10 किंवा आदेश 22 नियम 10 खाली अर्ज करून तो दाव्यात येऊ शकला असता. 2013 च्या थॉमसन प्रेस विरुद्ध नानक बिल्डर्स या निकालाने तशी वाट दिली आहे. ही परवानगी न्यायालयाच्या विवेकावर असते आणि आत आल्यावरही खरेदीदाराला विकणाऱ्याच्या हक्कापलीकडे काही मागता येत नाही. पण विकणारा पैसे घेऊन न्यायालयात येणेच बंद करतो, तेव्हा निदान साक्षीदार तपासायला आणि वाटपात आपली बाजू मांडायला कोणीतरी हजर असते. हुकूमनामा होऊन गेल्यावर ही वाट जवळजवळ बंद होते. मागे राहतो तो फक्त विकणाऱ्यावरचा पैशाचा दावा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याने हक्कातला दोष सांगणे बंधनकारक आहे आणि हक्काची हमीही त्याने दिलेली असते. कागदावर हे भक्कम आहे, पण पैसे तोवर खर्च झालेले असतात.

आता तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार सर्चबद्दल. तुमच्या विभागाच्या सूची क्रमांक 2 मध्ये नोंदणी झालेले दस्त दिसतात, पण दिवाणी दावा हा नोंदणीचा दस्त नव्हे. त्यामुळे तीस काय, साठ वर्षांचा सर्च घेतला तरी चालू दावा त्यात दिसत नाही. अपवाद एकच: वादीने स्वतःहून लिस पेंडन्सची नोटीस नोंदवली असेल तर. सर्च रिपोर्टमधील ‘बोजा आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ नोंदणी झालेला बोजा आढळला नाही एवढाच असतो. खरेदीदार आणि अनेकदा बँकेचा अधिकारीही तो ‘मिळकत निर्वेध आहे’ असा घेतो.

ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव, दावा क्रमांक, वकिलाचे नाव किंवा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून शोध घेता येतो. गट नंबर टाकून नाही. मग आम्ही काय करतो? विकणाऱ्याच्या नावाने, मग त्याच्या वडिलांच्या, भावांच्या, चुलत्यांच्या नावाने, आडनावाच्या दोन-तीन स्पेलिंगांनी, तालुका न्यायालय आणि जिल्हा न्यायालय या दोन्ही ठिकाणी, नियमित दिवाणी दावा, विशेष दिवाणी दावा, अपील आणि दरखास्त असे सगळे प्रकार चाळतो. यात ‘पाटील’ किंवा ‘शिंदे’ आडनाव असेल तर दिवस जातो. आणि दावा विकणाऱ्याच्या आधीच्या मालकावर, म्हणजे त्याला खरेदी देणाऱ्यावर लावलेला असेल, तर या साखळीत एक नाव सुटले की दावाही सुटला. बृहन्मुंबई सोडून घेतलेल्या प्रत्येक सर्चमध्ये ही जोखीम आम्ही लेखी नमूद करतो. ती वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

खरे तर गट नंबर न्यायालयाकडे असतोच. आदेश 7 नियम 3 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दाव्यात मिळकत ओळखता येईल असे वर्णन, म्हणजे चतुःसीमा किंवा सर्व्हे नंबर, वादपत्रात द्यावेच लागते. म्हणजे दावा दाखल होतो त्या दिवशी सरकारी यंत्रणेच्या एका कपाटात गट नंबर आणि दावा क्रमांक शेजारी शेजारी लिहिलेले असतात. ते दुसऱ्या कपाटात, म्हणजे तुमच्या नोंदणी आणि महसूल अभिलेखात जात नाहीत. ई-कोर्ट आणि भूमिअभिलेख जोडण्याची प्रायोगिक चाचणी हरियाणा, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत झाली, असे केंद्र सरकारने जाहीर केले होते. त्या चाचणीचा उपयोग साठेखत करायला बसलेल्या माणसाला व्हायला हवा. आज दुय्यम निबंधकांच्या टेबलावर तो होताना दिसत नाही.

दुसरी तक्रार कायद्याच्या दोन चेहऱ्यांबद्दल, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. मुंबई प्रांताने 1939 साली, 14 व्या अधिनियमाने, कलम 52 बदलले. बृहन्मुंबईतील मिळकतींसाठी नियम असा झाला की दाव्याची नोटीस नोंदणी कायद्याच्या कलम 18 खाली नोंदवली असेल तरच, आणि नोंदवल्या दिवसापासूनच, खरेदीदार बांधला जाईल. नोटिशीत काय असावे हेही ठरवून दिले: मिळकतीच्या मालकाचे किंवा ज्याच्या हक्काचा वाद आहे त्याचे नाव-पत्ता, मिळकतीचे वर्णन, न्यायालय, दाव्याचे स्वरूप आणि शीर्षक, दावा दाखल झाल्याची तारीख. अशी पाच कलमी साधी नोटीस. दादरमध्ये फ्लॅट घेणाऱ्याला सूची 2 मध्ये ती दिसते. नोटीस नोंदलेली नसेल तर कलम 52 त्याला बांधत नाही. हीच सोय अधिसूचनेने इतर क्षेत्रांना लागू करण्याचा अधिकार राज्याला आहे. पण मूळ कलम लागू असलेल्या तालुक्यात तोच खरेदीदार, तेवढीच काळजी घेऊन, न दिसणाऱ्या दाव्याला बांधला जातो. आज कोणत्या क्षेत्राला बदललेले कलम लागू आहे आणि कोणत्या नाही, याची एकत्र यादी सामान्य माणसाला सहज सापडेल अशा जागी नाही. वकीलही कधी कधी ‘महाराष्ट्रात नोटीस नोंदवावीच लागते’ असे सरसकट सांगून मोकळे होतात. त्या सल्ल्यावर विसंबून कोणी ‘नोटीस नाही, म्हणजे दावा बांधत नाही’ असे समजून खरेदी केली, तर जबाबदार कोण?

विधी आयोगाने 1998 च्या आपल्या 157 व्या अहवालात मुंबईसारखी नोटीस नोंदणी देशभर करावी, असे सुचवले. 2010 च्या वर उल्लेखलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच म्हटले आणि विधी आयोग व संसद यांनी विचार करावा, असे सुचवले. केंद्राचे काम केंद्राने करावे, पण महाराष्ट्राला दिल्लीकडे पाहण्याची गरजच नाही. आपल्या हातात 1939 पासून कायदा आहे.

तिसरी तक्रार सातबारा आणि मालमत्ता पत्रकाबद्दल. इतर हक्काच्या रकान्यात दाव्याचा उल्लेख कुठे दिसतो, कुठे नाही. एका गावी वादीने न्यायालयाचे पत्र आणले म्हणून नोंद झाली, शेजारच्या गावी ‘मनाई हुकूम असेल तरच घेऊ’ म्हणून ती नाकारली जाते. यातून एक घातक समज पसरला आहे: स्टे नाही, म्हणजे जमीन मोकळी. स्टे आणि लिस पेंडन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट अनेकदा न्यायालय तात्पुरता मनाई हुकूम नाकारते तेच या कारणाने, की कलम 52 आहेच, विक्री झाली तरी वादीचा हक्क बुडत नाही. तो नकाराचा आदेश दाखवून विकणारा म्हणतो, बघा, कोर्टाने आमच्या बाजूने दिले. खरेदीदाराने तो आदेश पुरता वाचला तर त्याला नेमकी उलट गोष्ट कळेल.

दाव्याचा काळ कधी संपतो, याबद्दलही असाच गोंधळ आहे. खालच्या न्यायालयात दावा फेटाळला गेला की लोक मिळकत मोकळी धरतात. अपील झाले तर तो काळ चालूच राहतो. हुकूमनाम्याची पूर्ण पूर्तता होईपर्यंत, किंवा मुदत संपल्यामुळे ती मिळणे अशक्य होईपर्यंत तो संपत नाही, आणि अंमलबजावणीची मुदत सर्वसाधारणपणे 12 वर्षांची आहे. म्हणून ‘दावा 2016 लाच निकाली निघालाय’ हे वाक्य ऐकले की आम्ही आधी निकालाची प्रत आणि मग दरखास्त रजिस्टर पाहतो.

चौथी तक्रार विकणाऱ्याच्या खोट्या कथनाबद्दल. प्रत्येक खरेदीखतात ‘सदर मिळकतीबाबत कोणत्याही न्यायालयात दावा प्रलंबित नाही’ असे एक वाक्य असते. ते टंकलिखित नमुन्यातूनच येते, विकणाऱ्याने ते वाचलेलेही नसते. नोंदणी कायद्याचे कलम 82 नोंदणी अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला 7 वर्षांपर्यंत शिक्षा सांगते, पण दस्तातले वाक्य म्हणजे अधिकाऱ्यासमोरचे विधान नव्हे, असा बचाव तयार असतो. अधिकारी तो प्रश्न स्वतः विचारतच नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. लिस पेंडन्सच्या नोटिशीचा धाकासाठी वापर होतो. निराधार दावा लावायचा, नोटीस नोंदवायची आणि बिल्डरकडून किंवा शेतकऱ्याकडून ती काढण्यासाठी पैसे मागायचे, हा प्रकार मुंबईत काम करणाऱ्या कोणालाही नवा नाही. शिवाय दावा फेटाळला गेला तरी नोटीस सूची 2 मध्ये तशीच राहते, कारण ती काढण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. म्हणून नोटीस नोंदवण्याची सोय वाढवताना ती बंद करण्याची सोयही त्याच कागदावर यावी. तसेच ‘दावा असेल तर नोंदणी नाकारा’ अशी मागणी आम्ही करत नाही. हक्क कोणाचा हे ठरवणे दुय्यम निबंधकाचे काम नाही. विकणाऱ्याच्या हक्काचा मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी करू नये, असा तमिळनाडूचा नियम 2025 मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. माहिती दाखवा, व्यवहार अडवू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या सगळ्यावर आमच्या मागण्या अशा:

1. बदललेले कलम 52 आज कोणत्या क्षेत्रांना लागू आहे, त्याची अधिसूचनांच्या तारखांसह तालुकानिहाय यादी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 30 दिवसांत लावावी.

2. ते कलम अधिसूचनेने संपूर्ण राज्याला लागू करावे, मात्र दोन बंधनांसह. आधीपासून चालू असलेल्या दाव्यांतील वादींना नोटीस नोंदवण्यासाठी किमान 1 वर्षाची मुदत द्यावी आणि तोवर जुने संरक्षण कायम ठेवावे. आणि नव्या दाव्यात 30 दिवसांत नोटीस नोंदवली, तर तिचा परिणाम दावा दाखल झाल्याच्या दिवसापासून धरावा. यासाठी विधानमंडळात दुरुस्ती लागेल. ती न करता नुसती अधिसूचना काढली, तर आमच्या उदाहरणातली बहीण, जिला नोटिशीचा नियमच ठाऊक नाही, ती आपली जमीन गमावेल. भाऊ दावा दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दस्त नोंदवेल आणि खरेदीदार सुरक्षित राहील. खरेदीदाराला वाचवताना तिला उघडे टाकणारा बदल आम्हाला नको आहे.

3. नोटीस नोंदणी विनामूल्य आणि ऑनलाइन व्हावी. वादपत्राची नोंद क्रमांकासह मिळालेली पोच आणि वर सांगितलेले पाच तपशील पुरेसे मानावेत. वादीला दुय्यम निबंधकाकडे हेलपाटे घालायला लावू नयेत.

4. उच्च न्यायालय प्रशासनाशी बोलून स्थावर मिळकतीच्या दाव्यांसाठी दाखल करण्याच्या वेळीच जिल्हा, तालुका, गाव, गट किंवा सीटीएस नंबर या रकान्यांची सक्ती करावी. ती माहिती सीएनआर क्रमांकासह आपोआप सूची 2 च्या शोधात आणि सातबारा व मालमत्ता पत्रकाच्या शोधात दिसावी. इतर हक्कात ती घ्यायची की वेगळ्या रकान्यात, हे राज्यभर एकाच परिपत्रकाने ठरवावे. नोंद केवळ माहितीपर असावी. तिच्यावरून फेरफार थांबवू नये.

5. दावा निकाली निघाल्यावर, अपिलाची मुदत संपल्यावर आणि अंमलबजावणीचे काही बाकी नसेल तर, निकालाच्या प्रमाणित प्रतीवरून कोणत्याही पक्षकाराला ती नोंद बंद करून घेता यावी. वादीच्या सहीची अट नसावी. नोंद पुसू नये. ‘बंद’ अशी तारीख घालून ठेवावी, म्हणजे पुढचा सर्च घेणाऱ्याला इतिहास दिसेल.

6. नोंदणीच्या वेळी विकणाऱ्याकडून वेगळे घोषणापत्र दुय्यम निबंधकांसमोर घ्यावे: या मिळकतीबाबत दिवाणी, महसूल किंवा अन्य न्यायाधिकरणापुढे दावा, अपील किंवा दरखास्त चालू आहे की नाही, असल्यास क्रमांक. ‘माहीत नाही’ हा पर्यायही ठेवावा, कारण आमच्या उदाहरणातल्या भावाला खरेच माहीत नव्हते. घोषणापत्र अधिकाऱ्यासमोर केल्यावर कलम 82 ला धार येईल.

7. अंमलबजावणीच्या टप्प्यावर खरेदीदार प्रथमच समोर येतो, असे किती प्रसंग घडतात याची मोजणी आज कोणीही करत नाही. दरखास्तीत आदेश 21 नियम 97 खालील अर्ज आणि त्यातील नियम 102 च्या आधारे फेटाळलेले अर्ज यांची जिल्हावार संख्या उच्च न्यायालयाकडून मागवून दरवर्षी प्रसिद्ध करावी. नोटीस नोंदणीचा उपयोग झाला की नाही, हे त्याच आकड्यांवरून कळेल.

या मागण्यांपैकी 1, 3, 4 आणि 6 साठी कायदा बदलण्याची गरज आम्हाला दिसत नाही. विभागाचे परिपत्रक आणि उच्च न्यायालयाशी पत्रव्यवहार पुरेसा आहे. मागणी 2 आणि 5 साठी मसुदा करायचा झाल्यास आम्ही तो विनामोबदला करून देऊ. मागणी 1 ची यादी कधीपर्यंत लावणार, एवढे तरी लेखी कळवावे.

आपले,
दिवाणी दाव्यांचे आणि मिळकतीच्या हक्क तपासणीचे काम करणारे काही वकील